जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर : आधी हिशेब, मग सही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत १ जुलै २०२१पासून क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. पगार २४ हजार. १ ऑक्टोबर २०२४ला ईमेलवर राजीनामा दिला. नोटीस ३० दिवसांची होती, पण आई दवाखान्यात असल्यामुळे १८ तारखेनंतर जाता आलं नाही. त्या महिन्याचा पगार मिळाला नाही, मीही मागायला गेलो नाही. नंतर कॉन्ट्रॅक्टवर काम केलं. आता चाकणच्या मोठ्या कंपनीत निवड झाली आहे आणि त्यांना जुन्या कंपनीचं एक्सपिरियन्स लेटर आणि रिलीव्हिंग लेटर हवं आहे. अकाउंटंटना व्हॉट्सॲपवर बऱ्याचदा मेसेज केला. ‘साहेबांशी बोला’ एवढंच उत्तर येतं. साहेब फोन उचलत नाहीत. माझ्याकडे कंपनीचं ओळखपत्र आणि लॉकरची किल्ली अजून आहे. रीतसर अर्ज कसा लिहू, म्हणजे ते नाही म्हणणार नाहीत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे साहेब तुमच्यावर चिडलेच असतील असं नाही. छोट्या कंपनीत असे कागद अडतात, कारण सही करणाऱ्यापुढे कोरा प्रश्न टाकलेला असतो. ‘सर, लेटर द्या ना’ असा मेसेज आला की साहेबांना आधी आठवावं लागतं की हा मुलगा कधी लागला, कधी गेला, नोटीस पूर्ण केली का, काही देणंघेणं राहिलंय का. मग फाइल काढायला सांगायची, मजकूर कुणाकडून तरी टाइप करून घ्यायचा. एवढं कुणी करत नाही, आणि मेसेज तसाच खाली सरकत जातो. अर्ज असा हवा की तो वाचून दोन मिनिटांत फक्त सही करायची राहील. शोधाशोध तुम्ही करायची, हिशेबाचा तोडगा तुम्ही सुचवायचा, मजकूर तुम्ही टाइप करून न्यायचा.

पण अर्जाआधी एक गाठ सोडवायला हवी. तुम्ही मागताय ती दोन पत्रं एका जातीची नाहीत. एक्सपिरियन्स लेटरमध्ये फक्त घडलेली गोष्ट असते : अमुक माणूस अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक पदावर आमच्याकडे होता. रिलीव्हिंग लेटरमध्ये कंपनी म्हणते की राजीनामा मंजूर केला, या तारखेपासून कामातून मोकळं केलं आणि आमचं याच्याकडे काही येणं नाही. तुमच्या बाबतीत शेवटचं वाक्य आज कुणीच लिहू शकत नाही, कारण फुल अँड फायनल झालेलंच नाही. अकाउंटंट ‘साहेबांशी बोला’ म्हणतात ते बहुतेक यासाठीच. त्यांच्या वहीत तुमच्या नावापुढे नोटीसचे दिवस कमी पडलेले दिसतात, तुमच्या मनात ऑक्टोबरचा पगार थकलेला आहे. दोन्ही बाजूंना वाटतं की समोरच्याकडे आपलं येणं आहे, आणि विषय कुणीच काढत नाही.

तेव्हा तो तुम्हीच काढा, आकड्यांसकट. राजीनामा १ तारखेचा, म्हणजे ३० दिवसांची नोटीस ३० ऑक्टोबरला संपत होती. तुम्ही १८पर्यंत आलात, १२ दिवस कमी पडले. तिसाने भागून धरलं तर १८ दिवसांचा पगार १४,४०० रुपये होतो. तुमचं बेसिक १५ हजार असेल असं धरते, स्लिपवर बघून घ्या. त्या १८ दिवसांचं बेसिक ९,००० होतं, त्यावर पीएफचे १,०८० गेले आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० गेले की हातात १३,१२० राहतात. आता नोटीसचे १२ दिवस. नेमणूकपत्रात नोटीसचा पगार बेसिकवर कापायचा असं लिहिलं असेल तर ६,००० वजा होतील आणि तुम्हाला ७,१२० मिळतील. पूर्ण पगारावर असेल तर ९,६०० वजा होऊन ३,५२० मिळतील. कंपनी तिसाऐवजी २६ किंवा ३१ने भागत असेल तर आकडे थोडे हलतील, पण चित्र तेच राहील : कसंही मोजलं तरी तुम्ही कंपनीचं देणं लागत नाही. अर्जात सरळ लिहा की नोटीसची रक्कम थकीत पगारातून वळती करून घ्या. साहेबांच्या खिशातून जास्तीचं काही जात नाही, तुम्हालाही काही भरावं लागत नाही, आणि रिलीव्हिंग लेटरचं शेवटचं वाक्य लिहायला जागा तयार होते.

बेसिक की पूर्ण पगार यावर ते अडले, तर माझं मत स्पष्ट आहे. फरक ३,६०० रुपयांचा आहे. नेमणूकपत्रात तुमच्या बाजूने स्वच्छ लिहिलेलं असेल तर एकदा शांतपणे दाखवा. तसं नसेल तर सोडून द्या. चाकणची नोकरी त्या वादापायी लांबवू नका.

हिशेब आधी का उरकायचा, याला आणखी एक कारण आहे आणि ते पीएफमध्ये दडलेलं आहे. आज रात्रीच ईपीएफओच्या पोर्टलवर लॉगिन करून View मधलं Service History उघडा. तुमच्या सातपूरच्या कंपनीपुढे नोकरी सोडल्याची तारीख आहे का बघा. मग पासबुक उघडून शेवटचा भरणा कोणत्या महिन्याच्या पगाराचा आहे ते बघा. ऑक्टोबरचा पगार निघालाच नसेल तर त्या महिन्याची पीएफची वर्गणीही बहुधा भरलेली नसेल, आणि पासबुक सप्टेंबर २०२४वर थांबलेलं असेल.

इथे बरेच जण घाई करतात. सोडल्याची तारीख रिकामी दिसली की कुणीतरी सांगतं, Manage मध्ये जाऊन Mark Exit कर, आधारवर ओटीपी येतो, काम झालं. नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर आपली तारीख आपण टाकता येते हे खरं आहे. पण ती तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची जमा झाली त्याच महिन्यातली टाकावी लागते. तुमची वर्गणी सप्टेंबरवर थांबली असेल तर तुम्हाला सप्टेंबरमधलीच तारीख मिळेल. मग पीएफ म्हणणार सप्टेंबरमध्ये सोडलं, रिलीव्हिंग लेटर म्हणणार १८ ऑक्टोबरला. नव्या कंपनीसाठी तुमची माहिती पडताळणारे व्हेरिफिकेशनवाले नेमकं हेच दोन कागद शेजारी ठेवून बघतात. एकदा पडलेली तारीख बदलायला जॉइंट डिक्लेरेशनचा वेगळा फेरा पडू शकतो. म्हणून Mark Exit ला आत्ता हात लावू नका. आधी ऑक्टोबरचा पगार निघू दे, त्याची वर्गणी जमा होऊ दे, मग कंपनीकडूनच १८ ऑक्टोबर ही तारीख भरून घ्या. अर्जात हे एका ओळीत मागायचं आहे. आणि पोर्टलवर आधीच काहीतरी भलती तारीख पडलेली दिसली, तर अर्ज देतानाच तीही दुरुस्त करून मागा.

आता अर्ज. तुमच्या ओळखीच्या छोट्या कंपनीत तो मराठीत दिला तरी चालतो, आणि मला वाटतं तसाच द्यावा. साधारण असा :

> दिनांक :
>
> प्रति,
> मा. संचालक साहेब,
> … (कंपनीचं नाव), सातपूर एमआयडीसी, नाशिक
>
> विषय : अनुभव प्रमाणपत्र व रिलीव्हिंग लेटर मिळण्याबाबत. कर्मचारी क्र. …
>
> महोदय,
>
> मी आपल्या कंपनीत १ जुलै २०२१ ते १८ ऑक्टोबर २०२४ या काळात क्वालिटी इन्स्पेक्टर या पदावर काम केले. मी १ ऑक्टोबर २०२४ रोजी ईमेलद्वारे राजीनामा दिला होता. नोटीस कालावधी ३० ऑक्टोबरपर्यंत होता. आईच्या आजारपणामुळे मला १८ तारखेनंतर कामावर येता आले नाही व १२ दिवस कमी पडले, याबद्दल दिलगीर आहे.
>
> कमी पडलेल्या १२ दिवसांची रक्कम नेमणूकपत्रातील अटीप्रमाणे माझ्या ऑक्टोबर २०२४च्या (१८ दिवस) न दिलेल्या पगारातून वळती करून माझा अंतिम हिशेब पूर्ण करावा, त्यास माझी संमती आहे. कंपनीचे ओळखपत्र व लॉकरची किल्ली सोबत परत करीत आहे.
>
> त्यानुसार मला (१) अनुभव प्रमाणपत्र, (२) रिलीव्हिंग लेटर व (३) अंतिम हिशेबाचा तक्ता द्यावा आणि पीएफ खात्यात सोडल्याची तारीख १८ ऑक्टोबर २०२४ अशी नोंदवावी, ही विनंती. नवीन नोकरीत ही कागदपत्रे … तारखेपर्यंत सादर करायची आहेत. आपल्या सोयीसाठी दोन्ही पत्रांचा मसुदा सोबत जोडला आहे. योग्य तो बदल करून मिळावा.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, मोबाइल, यूएएन)
>
> सोबत : नेमणूकपत्र, राजीनाम्याचा ईमेल, शेवटची पगार स्लिप, दोन्ही मसुदे, पेनड्राइव्ह.

यात काय नाही ते मुद्दाम बघा. ‘वारंवार विनंती करूनही’ नाही, ‘माझा हक्काचा पगार’ नाही, कायद्याचा उल्लेख नाही. हे सगळं खरं असलं तरी पहिल्या अर्जात ते आलं की साहेब तो कागद वकिलाला किंवा सीएला दाखवायला बाजूला ठेवतात, आणि तिथून तो लवकर परत येत नाही. दिलगिरीची ओळ मात्र ठेवाच. १२ दिवस कमी पडले ही वस्तुस्थिती आहे आणि ती तुम्ही स्वतः लिहिली की समोरच्याला ती काढून दाखवावी लागत नाही. आईच्या आजारपणाचा आणखी तपशील नको, दवाखान्याची बिलं जोडायची तर मुळीच गरज नाही.

फॉर्म १६ मी मागितलेला नाही, कारण तुमच्या पगारावर टीडीएस कापलाच गेला नसणार. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर फॉर्म २६एएसमध्ये कंपनीच्या नावाने कपात दिसत असेल तरच तो मागा. नाहीतर जो कागद कंपनी देऊच शकत नाही त्याच्यावर अकाउंटंट बोट ठेवतील आणि देता येण्यासारखे कागदही त्याच्याबरोबर थांबतील.

मसुदे दोन वेगळ्या पानांवर करा. बऱ्याच छोट्या कंपन्या दोन्ही एकाच पत्रात देतात, पण तुमच्या बाबतीत वेगळे असलेले बरे. हिशेबाला साहेबांनी आठ दिवस लावले तरी एक्सपिरियन्स लेटरवर ते त्याच दिवशी सही करू शकतात, आणि ते तरी तुमच्या हातात येतं. मसुदा इंग्रजीत असू द्या, तो चाकणला वाचला जाणार आहे. प्रत्येकी पाच-सहा ओळी पुरतात. नाव आधार आणि पीएफवर आहे अगदी तसंच, त्याच क्रमाने. पद नेमणूकपत्रात आहे तेच. शेवटच्या वर्षी तुम्ही इंजिनिअरचं काम करत असाल, ग्राहकांचे ऑडिट सांभाळत असाल, तरी पदाच्या जागी ‘इंजिनिअर’ लिहू नका. पद बदललं की अकाउंटंट रजिस्टर उघडतात, जुळत नाही म्हणतात, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. त्या कामासाठी एक वेगळी ओळ लिहा : येणाऱ्या मालाची तपासणी, लाइनवरची तपासणी, गेज कॅलिब्रेशनच्या नोंदी, जे काही खरंच केलं असेल ते. स्तुतीची वाक्यं घालू नका. ‘वर्तणूक समाधानकारक होती’ एवढं पुरे, आणि तेही साहेबांनी खोडलं तर खोडू द्या.

तारखांबद्दल एक गोष्ट पक्की धरा. पत्र मागच्या तारखेचं मागू नका. पत्रावर आजचीच तारीख असावी आणि मजकुरात ‘१८ ऑक्टोबर २०२४ रोजी कामकाज संपल्यापासून कार्यमुक्त’ असं असावं. उशिरा मिळालेल्या पत्रावर उशिराची तारीख असण्यात वावगं काही नाही. उलट २०२४ची तारीख टाकून मागितलं की अकाउंटंटला भीती वाटते की आपण खोटा कागद करतोय, आणि ती भीती रास्त आहे.

अर्ज घेऊन स्वतः जा, आणि दिवस निवडून जा. पहिल्या दहा दिवसांत पगार असतात, १५ तारखेपर्यंत पीएफचं चलन भरायचं असतं, २० तारखेच्या आसपास जीएसटीचं रिटर्न. त्या काळात छोट्या कंपनीच्या अकाउंटंटपुढे गेलात तर ते तुम्हाला बसायलाही सांगणार नाहीत. २१ ते २६ या दिवसांत, दुपारच्या जेवणानंतर जा. आधी अकाउंटंटना भेटा. हिशेबाचा कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, ‘हा आकडा तुमच्याकडच्या नोंदीशी जुळतो का?’ त्यांनी हो म्हटलं की साहेबांच्या केबिनमध्ये तुमची बाजू तेच मांडतात, आणि त्यांचं बोलणं साहेब ऐकतात. मसुद्याची फाइल पेनड्राइव्हमध्ये असू द्या, म्हणजे लेटरहेडवर तिथल्या तिथे प्रिंट निघेल.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. किल्ली आणि ओळखपत्र मिळाल्याची ओळही त्याच पोचेवर लिहून घ्या, नाहीतर दोन महिन्यांनी लॉकरच्या किल्लीवरून नो ड्यूज अडतं. घरी आल्यावर तोच अर्ज, तीच जोडपत्रं कंपनीच्या ईमेलवर पाठवा आणि ‘आज समक्ष दिलेल्या अर्जाची प्रत’ एवढंच वर लिहा. राजीनामा पाठवला होता त्याच ईमेलच्या उत्तरात पाठवलात तर आणखी चांगलं, जुनी तारीख आपोआप खाली दिसते.

यानंतर दहा दिवस थांबा. त्यात व्हॉट्सॲप नको. दहा दिवसांनी अर्जाची तारीख लिहून एक दोन ओळींचं स्मरणपत्र ईमेलवर पाठवा आणि अकाउंटंटना एक फोन करा. तरीही हालचाल नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा, डिलिव्हरीचा पुरावा जपून ठेवा. त्याहीपुढे जायची वेळ आली तर दोन दारं आहेत आणि दोन्ही पत्रासाठी नाहीत, पगार आणि पीएफसाठी आहेत : थकीत पगारासाठी नाशिकचं कामगार उपायुक्त कार्यालय, आणि न भरलेली पीएफची वर्गणी किंवा सोडल्याची तारीख यासाठी ईपीएफओचं तक्रार पोर्टल epfigms.gov.in. तिथून विचारणा आली की कंपनीला तुमची फाइल उघडावीच लागते, आणि फाइल उघडली की पत्रांचा विषयही सुटायला लागतो. पण हे पाऊल उचललं की साहेबांशी संबंध बिघडतात आणि चाकणहून फोन गेला तर तो तेच उचलणार आहेत, हे लक्षात ठेवून उचला. तुमच्या हकिकतीत मला तरी ती वेळ येईल असं वाटत नाही.

दरम्यान चाकणच्या एचआरना अंधारात ठेवू नका. आजच कळवा की पत्रांसाठी अर्ज करतोय, पोच मिळाली की पाठवतो. त्यांना तोवर नेमणूकपत्र, राजीनाम्याचा ईमेल, तीन पगार स्लिपा, पगार जमा होत होता त्या खात्याचं २०२१ ते २०२४चं स्टेटमेंट आणि पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीची प्रत द्या. बऱ्याच कंपन्या एवढ्यावर रुजू करून घेतात आणि रिलीव्हिंग लेटरसाठी ३० किंवा ४५ दिवसांचं हमीपत्र लिहून घेतात. किती दिवस मिळतील ते त्यांनाच विचारा, आणि तीच तारीख सातपूरच्या अर्जातल्या रिकाम्या जागेत भरा. चाकणला भरलेल्या फॉर्ममध्ये सातपूर सोडल्याची तारीख तुम्ही ‘३० ऑक्टोबर’ लिहिली असेल तर ती आत्ताच दुरुस्त करून घ्या. तुम्ही स्वतः कळवलेली चूक ते सहज बदलतात, व्हेरिफिकेशनमध्ये सापडली तर मात्र खुलासा मागतात.

पत्र हातात आलं की केबिनबाहेर पडण्याआधी एकदा वाचा. लेटरहेड, सही, सहीखाली नाव आणि हुद्दा, गोल शिक्का, नावाचं स्पेलिंग, दोन्ही तारखा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, आठवड्याने पुन्हा गेलात तर सगळं पहिल्यापासून. आणि निघताना अकाउंटंटना विचारून घ्या की व्हेरिफिकेशनसाठी चाकणला त्यांचा कोणता ईमेल आणि कोणता नंबर देऊ. व्हेरिफिकेशन करणाऱ्या एजन्सीचे ईमेल अनोळखी पत्त्यावरून येतात, उघडलेच जात नाहीत, आणि पत्र मिळूनही शेरा ‘प्रतिसाद नाही’ असा पडतो. त्यांना कंपनीचं आणि एजन्सीचं नाव आधी सांगून ठेवलंत तर तो ईमेल ते स्वतः शोधून उत्तर देतील.